मदत हवी आहे: दुसऱ्या खेळाडूला धडकलं की माझा खेळाडू थरथरतो

माझ्या ऑनलाइन गेममध्ये सर्व्हर सेकंदाला 30 टिक चालवतो, क्लायंटही त्याच ठरावीक टिकने चालतो. प्रत्येक इनपुटला क्रमांक असतो आणि क्लायंट तो पाठवून उत्तराची वाट न बघता लगेच हालचाल करतो. सर्व्हरकडून शेवटचा हाताळलेला क्रमांक आणि जागा आली की तोवरची इनपुट टाकून देतो, सर्व्हरची जागा धरतो आणि उरलेली इनपुट पुन्हा चालवतो. जाऊन-येऊन 120 मिलिसेकंद लागत असतील तर साधारण चार इनपुट उरतात. एकट्याने पळताना, भिंतीला घासतानाही फरक शून्य येतो, म्हणजे गणित दोन्हीकडे सारखं आहे.

गडबड फक्त दोन खेळाडू एकमेकांना ढकलतात तेव्हा होते. माझा अंदाज असा: इतर खेळाडू मी इंटरपोलेशनसाठी 100 मिलिसेकंद मागे दाखवतो, त्यात येण्याचे 60 धरले तर समोरचा 160 मिलिसेकंद जुना. तो सेकंदाला 5 मीटर पळत असेल तर तब्बल 0.8 मीटरची चूक! त्यात इनपुट पुन्हा चालवताना तो एकाच जागी गोठलेला असतो, सर्व्हरवर मात्र सरकत असतो.

दुरुस्ती हळूहळू मिसळून पाहिली. थरथर लपते, पण खेळाडू तुपावरून घसरल्यासारखा वाटतो.

आता टक्कर फक्त सर्व्हरवर ठेवून क्लायंटच्या अंदाजातून काढावी, की समोरच्याची जागा वेगावरून पुढे ढकलून धडक तपासावी? दुसऱ्यात तो अचानक वळला तर पुन्हा झटका बसणारच. कठीण धडकेऐवजी मऊ ढकल ठेवून कुणाला फरक पडला का?