मदत हवी आहे: ‘बिकॉज ऑफ’ आणि ‘ऑल्दो… बट’

कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. ‘बिकॉज’नंतर वाक्य आणि ‘बिकॉज ऑफ’नंतर नाम, हा नियम मुलांना पाठ आहे; तरीही ती ‘बिकॉज ऑफ द रोड वॉज क्लोज्ड’ असे लिहितात, कारण ‘ऑफ’च्या लगेच पुढे ‘द रोड’ हे नाम दिसते आणि त्यांच्या लेखी नियम पाळला गेलेला असतो. म्हणून मी पुढच्या शब्दांत काळ दाखवणारे क्रियापद शोधायला सांगितले. ‘वॉज’ सापडले, की ‘ऑफ’ खोडायचे. हे बरेचसे जमले, मात्र ‘बिकॉज ऑफ द पंचगंगा फ्लडिंग द रोड’ यातल्या ‘फ्लडिंग’पाशी मुले अडतात आणि बरोबर असलेले ‘ऑफ’ही खोडून टाकतात.

दुसरी चूक ‘ऑल्दो इट रेन्ड, बट वी वेंट’ ही. ती ‘जरी-तरी’च्या सवयीतून येते, हे उघड आहे. ‘बट’ काढायला लावले, की तिथे ‘स्टिल’ किंवा ‘येट’ येते. ‘स्टिल’ हे क्रियाविशेषण असल्याने मी ते चालवून घेतो.

तेव्हा ‘फ्लडिंग’ इथे काळ दाखवत नाही, हे फारशा पारिभाषिक संज्ञा न वापरता कोणत्या कसोटीने पटवावे, आणि ‘ऑल्दो’सोबतचे ‘येट’ उत्तरपत्रिकेत चूक धरावे का?