मदत हवी आहे: मुख्य आकडा आधी की फिल्टर आधी?

दूध संघासाठी पॉवर बीआयमध्ये रोजच्या संकलनाचं एक पान करतेय. संकलन अधिकारी सकाळी ते उघडतात तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी असते: काल किती लिटर आलं आणि मागच्या आठवड्याच्या त्याच वारापेक्षा कमी की जास्त.

आधी मी तारीख, मार्ग आणि पाळीचे फिल्टर डावीकडे उभ्या पट्टीत ठेवले होते. आपली नजर डावीकडून सुरू होते, त्यामुळे आकड्याआधी सगळे फिल्टरच वाचत बसायचे. मग मोठा आकडा डावीकडे वर नेला, त्याखाली तीस दिवसांची रेषा, सगळ्यात खाली केंद्रनिहाय तक्ता (लिटर, फॅट, एसएनएफ). फिल्टर उजव्या कोपऱ्यात गेले. पान छान वाचता यायला लागलं, पण नवीच अडचण आली. एका अधिकाऱ्यांनी आदल्या दिवशी पाळी 'संध्याकाळ' निवडली होती, ती तशीच राहिली, आणि सकाळी निम्माच आकडा पाहून त्यांनी थेट केंद्रांना फोन लावले. चूक त्यांची नाही, मांडणीची आहे असं मला मनापासून वाटतं.

आता दोन पर्याय डोक्यात आहेत. फिल्टरची एक बारीक आडवी पट्टी आकड्याच्या वर ठेवायची, किंवा फिल्टर उजवीकडेच ठेवून आकड्याखाली 'फक्त संध्याकाळ, सर्व मार्ग' अशी आपोआप बदलणारी ओळ द्यायची. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण घाईत ती ओळ वाचली जाते का? कुणी प्रत्यक्ष वापरून पाहिलंय? आणि फक्त तक्त्याला लागणारा केंद्राचा फिल्टर तक्त्याच्या डोक्यावर वेगळा ठेवावा का?