मदत हवी आहे: घरदुरुस्तीसाठी टॉप-अप घ्यावं की पर्सनल लोन?

नमस्कार मंडळी, सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. 2019 च्या पुरानंतर खालच्या भिंतींची ओल काही गेली नाही. आता गिलावा काढून वॉटरप्रूफिंग, फरशी आणि वायरिंग करायचं म्हणजे मिस्त्रींच्या अंदाजाने 5 लाख. गृहकर्जाची 12 वर्षं बाकी आहेत, हप्ता एकदाही चुकलेला नाही.

बँक 9 टक्क्यांनी टॉप-अप द्यायला तयार आहे, पण मुदत मूळ कर्जाइतकीच, 12 वर्षं. हप्ता साधारण 5,690 आणि एकूण व्याज 3.19 लाख. पर्सनल लोन 13 टक्के, 4 वर्षं. हप्ता 13,414, व्याज मात्र 1.44 लाखच! म्हणजे स्वस्त दराचं कर्जच महाग पडतंय, सगळा खेळ मुदतीचा. तेच टॉप-अप 4 वर्षांत फेडलं तर व्याज 97 हजारांवर येतं.

म्हणून टॉप-अप घेऊन दरमहा जास्त भरायचा विचार आहे. फ्लोटिंग दर असल्याने मुदतपूर्व फेडीवर दंड नसावा. पण जादा भरलेली रक्कम टॉप-अपच्याच खात्यात, मुद्दलातून वळती होते का, की मूळ कर्जात जाते? कुणी असं केलंय का? शिवाय गहाणखताची नोंद पुन्हा करावी लागली का, आणि प्रोसेसिंग फी, मुद्रांक शुल्क धरून वरखर्च किती आला? जुन्या घराचं मूल्यांकन कमी धरलं म्हणून कुणाची रक्कम कापली गेली असेल तर तेही सांगा. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे.