लवकर सुरुवात आणि व्याजाचा दर

“प्रथम वर्षाच्या मुलांसमोर क्लबची अध्यक्ष म्हणून चक्रवाढीवर बोलायचे आहे, कोणते उदाहरण घेऊ?”

आमच्या क्लबचा अध्यक्ष असताना मी दोन बहिणींचे काल्पनिक उदाहरण फळ्यावर सोडवले होते. धाकटी अठराव्या वर्षापासून दरवर्षी आरंभी १२,००० रुपये, असे फक्त १० वर्षे भरते आणि पुढे रकमेला हात लावत नाही. थोरली अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात करून तेवढीच रक्कम ३० वर्षे भरते. ८ टक्के वार्षिक चक्रवाढीने अठ्ठावन्नाव्या वर्षी धाकटीचे १.२० लाखांचे सुमारे १८.८९ लाख होतात, तर थोरलीचे ३.६० लाखांचे १४.६८ लाखच होतात. कारण असे, की धाकटीचे दहा वर्षांत जमलेले १.८८ लाख पुढच्या तीस वर्षांत दहापट होतात.

मात्र येथेच थांबू नका, कारण हा निकाल दरावर अवलंबून आहे, आणि माझ्या मते भाषणाचा खरा गाभा हाच आहे. दर ६ टक्के धरला, तर धाकटीचे ९.६३ लाख आणि थोरलीचे १०.०६ लाख होतात, म्हणजे थोरली पुढे जाते. उलटण्याचा बिंदू सुमारे ६.३ टक्क्यांवर येतो. म्हणून ८ टक्के परतावा देणाऱ्या योजनेत वर्षाला २ टक्के खर्च कापला जात असेल, तर धाकटीची आघाडी त्यातच संपते. दोन्ही दरांची गणिते मुलांकडूनच वहीत करून घ्या, आणि महागाई यात धरलेली नाही, हेही स्पष्ट सांगा.