उचल विसरू नका

"किराणा दुकान आहे, फक्त उधारीची वही आणि पासबुक. वर्षात भांडवल 50,000 ने वाढलं. नफा तेवढाच ना?"

नाही. 31 मार्चचं अवस्था विवरण तुम्ही बरोबर मांडलंय: माल, येणं आणि रोख मिळून 3,00,000, त्यातून व्यापाऱ्यांचं देणं 40,000 वजा, म्हणजे भांडवल 2,60,000. सुरुवातीला ते 2,10,000 होतं. पण घरखर्चाला महिन्याला 8,000 उचलले, ते 96,000 मिळवा. दागिने मोडून घातलेले 40,000 वजा करा, ती कमाई नव्हे. नफा 1,06,000.

घरी नेलेला तांदूळ-तेलही खरेदीच्या भावाने उचलीत धरा. तो बहुतेकजण विसरतात. आणि अखेरचा माल 10,000 ने जास्त मोजलात तर नफाही तेवढाच फुगतो, चूक पकडणारा ताळा इथे नाही.