उत्तर: रिझल्टचा पॅरा असा लिहा

> "गंधकामुळे सोयाबीनचं उत्पादन १७ टक्के लक्षणीय वाढलं (१८४० वरून २१५०)." गाईड म्हणतात अपुरं आहे. ४ ट्रीटमेंट, ५ रेप्लिकेशन, आरबीडी, एसई(एम) ७०. काय घालू?

टक्का आधी मागे ढकला, आणि १८४० काय ते सांगा, किलो प्रति हेक्टर ना? मी असं लिहीन:

"हेक्टरी ३० किलो गंधक दिल्यावर दाण्याचं उत्पादन २१५० किलो/हे. आलं, गंधक न दिलेल्या प्लॉटात १८४०. फरक ३१० किलो/हे. (९५% विश्वासमर्यादा ९४ ते ५२६), म्हणजे सुमारे १७%. आरबीडी, ५ रेप्लिकेशन, एसई(एम) ७०, सीडी (५%) २१६ किलो/हे."

३० च्या जागी तुमचा डोस टाका. सीडी कशी आली? एरर डीएफ ४×३=१२, टी २.१८, ७० ला १.४१४ ने गुणून परत टी ने गुणायचं. फरक ३१०, सीडीपेक्षा मोठा, म्हणून लक्षणीय. पण ती मर्यादा बघा की, खरी वाढ ९४ किलोही असू शकते, मग खताचा खर्च निघतो का हा प्रश्न उरतोच, आणि नुसतं १७% वाचणाऱ्याला हे कळतच नाही.

अजून एक, प्रत्येक प्लॉटातली ५ झाडं मोजून शेंगांसाठी n=२५ लिहितात लोक, तसं नको. खत प्लॉटला दिलंय, झाडाला नाही, त्यामुळे आधी प्लॉटची सरासरी काढा, n ५ च. आणि टेबलात ± दिलात तर तो एसडी की एसई ते खाली लिहा, इथे एसडी साधारण १५७ येतो, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. दाण्याची आर्द्रता किती टक्क्यांवर धरून वजन घेतलं तेही टाका, नाहीतर किलोला अर्थ नाही.