आवक तक्त्यातल्या ‘एकूण’ ओळी: उडवायच्या की ठेवायच्या?

हर्णैकर
आमच्या मच्छीमार संस्थेचे जुने मासिक आवक तक्ते पीडीएफमधून काढून एकाच एक्सेलमध्ये जमवतोय. बाहेर येताना मासळीच्या ओळी आणि एकूणच्या ओळी सगळ्या एकाच रांगेत येतात, त्यामुळे बेरीज भलतीच फुगते. काही तक्ते टाईप केलेले आहेत, काही स्कॅन. एकूणवाल्या ओळी सरळ उडवून टाकू का? नमुना देतो, आकडे गोल केलेत, किलोमध्ये:

```
हर्णै
बांगडा          ४,२००
सुरमई             ८५०
म्हाकूल          १,१५०
एकूण           ६,२००
दाभोळ
बांगडा          १,९००
कोळंबी            ६४०
एकूण           २,५४०
बुरोंडी
बांगडा            ७००
एकूण एकंदर     ९,४४०
```

बेरीज येते २७,६२०. खरी ९,४४०.

पाटीपेन्सिल
उडवा, विचार कसला करताय? पहिल्या रकान्यात ‘एकूण’ असलेली ओळ गाळा, उरलेल्यांची बेरीज घ्या. मी ग्रामपंचायतीची जमाखर्चाची पत्रकं वर्षानुवर्षं अशीच काढतो. शब्दांची एक यादी ठेवली आहे: एकूण, एकुण, बेरीज, एकंदर. त्यात नसलेला शब्द दिसला की यादीत घालतो. तक्ते एकाच कारकुनाच्या हातचे असतील तर याहून जास्त काही लागत नाही.

भरतीओहोटी
गाळण्याआधी तो २७,६२० आकडा जरा बघा, तो बरंच सांगतो. प्रत्येक किलो तीनदा मोजला गेला असता, म्हणजे एकदा मासळीच्या ओळीत, एकदा बंदराच्या एकूणमध्ये आणि एकदा शेवटी, तर ९,४४० च्या तिप्पट २८,३२० आले असते. तुमच्याकडे ७०० कमी आलेत, आणि ७०० हा बुरोंडीचा बांगडा. तिथे एकच ओळ असल्यामुळे लिहिणाऱ्याने वेगळी एकूण लिहिलीच नाही. पुढचा कुठलाही तक्ता आला की आधी हा भागाकार करा. बरोबर दुप्पट किंवा तिप्पट आलं तर रचना सरळ आहे. अधेमधे आलं तर एखाद्या गटाची एकूण गायब आहे, नाहीतर एखादा आकडा चुकीचा वाचला गेलाय.

आता उडवण्याबद्दल. माझं मत साफ विरुद्ध आहे. समजा स्कॅन वाचताना दाभोळचा १,९०० हा १,१०० असा आला. जुन्या छपाईत १ आणि ९ ची गल्लत होतेच. एकूण ओळी उडवल्या असतील तर तुमची बेरीज ८,६४० येईल आणि ती चुकीची आहे हे कुणालाच कळणार नाही. त्या ओळी ठेवल्यात तर १,१०० अधिक ६४० म्हणजे १,७४०, आणि छापलेली एकूण २,५४०. फरक ८००. शिवाय तीनही बंदरं मिळून ९,४४० जुळतात, म्हणजे दाभोळची एकूण बरोबर आहे आणि घोळ तिच्या आतल्या दोन ओळींत आहे. कोळंबीत ८०० चा फरक यायला ६४० चे १,४४० व्हावे लागतील, म्हणजे अख्खा एक अंक वाढावा लागेल. बांगड्यात मात्र एकच अंक बदलला की काम झालं. मूळ कागद काढून बघायला एवढी एकच जागा उरते.

वेंगुर्ल्याची सून
माका एक कळत नाय, एक्सेलात SUBTOTAL असताना ही एवढी उठाठेव कशाक? `=SUBTOTAL(9,C2:C40)` घाला. तो आतले SUBTOTAL पुन्हा मोजत नाय. आमच्या पतपेढीत सगळी पत्रकां अशीच चालतात.

भरतीओहोटी
तुमच्या पतपेढीत चालतं, कारण तिथल्या एकूणच्या घरात सूत्र आहे. SUBTOTAL फक्त दुसरं SUBTOTAL ओळखून वगळतो. पीडीएफमधून आलेला ६,२०० हा नुसता आकडा आहे, तो एकूण आहे की सुरमई, हे एक्सेलला कसं कळणार? हां, सगळं साफ झाल्यावर नव्या पत्रकात एकूण टाकायची असेल तर तुमचीच पद्धत उत्तम.

आंबेवाला देवगड
माझं पण असंच आहे. दलालाच्या पट्ट्या आहेत, पेट्यांचा हिशोब चार-चार पानं चालतो. पानाच्या शेवटी ‘पुढे नेले’ आणि दुसऱ्या पानावर वरच ‘मागील पानावरून’. दोन्ही ओळींत ‘एकूण’ हा शब्दच नाही. पेट्या दुप्पट दिसतात आणि दलाल म्हणतो माल एवढा आलाच नव्हता. हमाली आणि तोलाई कापल्यावरची रक्कम कुठल्या रकान्यात घ्यायची, तेही कुणी सांगा.

पाटीपेन्सिल
हमालीचा प्रश्न वेगळा आहे हो. आणि ‘पुढे नेले’ यादीत घाला, झालं.

भरतीओहोटी
नुसतं यादीत घालून भागणार नाही. पुढच्या पानाच्या शेवटी जी ‘पुढे नेले’ असते तिच्यात मागच्या पानाची रक्कम मिळवलेली असते, फक्त त्या पानाची नसते. म्हणून आधी पानं जोडा आणि जोडाच्या ठिकाणी या दोन ओळी समोरासमोर आणून आकडा सारखा आहे का बघा. सारखा असेल तर दोन्ही बाजूला काढा. नसेल तर मधलं एखादं पान स्कॅन करायचं राहिलंय. पट्ट्यांमध्ये असं पान हरवलेलं हमखास सापडतं.

हर्णैकर, तुमच्यासाठी आता नेमकं करायचं काय ते. वरून खाली येताना प्रत्येक आकडा एका चळतीवर ठेवायचा. नवा आकडा आला की चळतीच्या वरच्या टोकापासून मिळवत जायचं आणि कुठे जुळतं ते बघायचं. दाभोळची २,५४० आली तेव्हा चळतीत वरून ६४०, १,९०० आणि त्याखाली हर्णैची ६,२०० आहे. ६४० अधिक १,९०० ला जुळलं, म्हणजे त्या दोन ओळी या एकूणच्या. त्या काढून त्यांच्या जागी २,५४० हा एकच आकडा ठेवायचा. शेवटी चळतीत ७००, २,५४० आणि ६,२०० उरतात, त्यांची बेरीज ९,४४०. बुरोंडीला एकूण नसल्याने काहीही अडत नाही.

```python
def kuthun(stack, v, tol=1):
    s = 0
    for i in range(len(stack) - 1, -1, -1):
        s += stack[i]
        if len(stack) - i > 1 and abs(s - v) <= tol:
            return i
    return None
```

निदान दोन ओळी मिळाल्याशिवाय जुळलं म्हणायचं नाही, ही अट सोडू नका. नाहीतर लागोपाठ दोन मासळ्यांचं वजन सारखं आलं की दुसरी एकूण ठरेल.

पाटीपेन्सिल
आणि सौंदाळा ३००, ढोमा ४०० आणि तिसरी ओळ कोळंबी ७०० अशी आली तर? तुमचं गणित कोळंबीला एकूण ठरवून बाजूला काढेल. छोट्या बंदरात गोल आकडे फार असतात. माझी शब्दयादी ही चूक कधीच करणार नाही.

भरतीओहोटी
बरोबर, नुसत्या गणितावर मीही सोडत नाही. तक्त्यात किलोबरोबर रुपयांचा रकाना असेल तर दोन्ही जुळले तरच एकूण म्हणा, योगायोगाची जुळणी त्याने बहुतेक मोडते. फक्त ‘भाव’ हा रकाना यात घेऊ नका, भावांची बेरीज होत नाही, एकूणच्या ओळीत तिथे सरासरी किंवा रेघ असते. शब्द आणि गणित दोन्ही हो म्हणाले तर एकूण, दोन्ही नाही म्हणाले तर मासळी. त्यांचं भांडण झालं तर ती ओळ माणसाने बघायची. तुमची यादी स्कॅनमध्ये कुठे पडते तेही सांगतो: ‘एकूण’चं ‘एकण’ झालं की ओळ मासळी म्हणून आत येते. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटातल्या पीडीएफमधून तर अक्षरंच भलती बाहेर पडतात, तिथे यादी काय करणार?

टाईप केलेल्या पीडीएफमध्ये तिसरा साक्षीदार मिळतो. एकूणची ओळ बहुधा ठळक असते आणि `pdfplumber` प्रत्येक अक्षराचं `fontname` देतो. स्कॅनला अर्थात याचा उपयोग नाही.

हर्णैकर
किलो आणि रुपये दोन्ही आहेत, करून बघतो. काही तक्त्यांत म्हाकूलच्या खाली ‘पैकी निर्यातीसाठी ६००’ अशी ओळ आहे. ती एकूण नाही आणि वेगळा मालही नाही.

भरतीओहोटी
ती वरच्या १,१५० च्या पोटातली ओळ आहे. ती मोजलीत तर बंदराची बेरीज ६,८०० येईल आणि छापलेल्या ६,२०० पेक्षा नेमकी ६०० ने जास्त भरेल. फरक एखाद्या ओळीच्या आकड्याएवढाच निघाला की आधी पोटातल्या ओळीचा संशय घ्या. तिला तिसरा शिक्का द्या: ‘मासळी’, ‘एकूण’, ‘पैकी’. सगळ्या ओळी एकाच पत्रकात, शेजारी शिक्क्याचा रकाना.

पाटीपेन्सिल
इथे मात्र मी हटणार नाही. एकाच पत्रकात ठेवल्यात की सहा महिन्यांनी संस्थेतलं कुणीतरी शिक्क्याची गाळणी न लावता पिव्होट करणार, आणि सर्वसाधारण सभेत तिप्पट आवक वाचली जाणार. पडताळणी करा, नाही म्हणत नाही, पण झाल्यावर एकूण ओळी दुसऱ्या पत्रकात हलवा.

भरतीओहोटी
हलवल्यात तर कुठली एकूण कुठल्या ओळींची होती ते तुटतं. पुढे कुणी एक आकडा दुरुस्त केला तर पुन्हा पडताळायला काहीच हातात राहत नाही.

पाटीपेन्सिल
मूळ ओळीचा क्रमांक दोन्हीकडे ठेवा की. तुटतं कसलं?

वेंगुर्ल्याची सून
तेंचा म्हणणा माका पटता. सभेत आकडे वाचणारो माणूस शिक्को बघणा नाय.

हर्णैकर
पहिला गठ्ठा चालवला. टाईप केलेले सगळे जुळले. स्कॅनपैकी एका तक्त्यात दाभोळची एकूण किलोत जुळते, रुपयांत ९० ने कमी भरते. मूळ कागद बघितला, तिथेही तेच छापलंय, म्हणजे लिहिणाऱ्याचीच बेरीज चुकली होती. आता मी ओळींची बेरीज धरू की छापलेली? सभेत मंजूर झालेला आकडा छापलेला आहे.

भरतीओहोटी
ओळी जशाच्या तशा ठेवा, छापलेली एकूणही तशीच ठेवा, शेजारी ९० चा फरक लिहा. मंजूर आकडा आपण बदलायचा नाही.

पाटीपेन्सिल
मी तर ओळींचीच धरली असती. सचिवांना विचारा.